आईचा साठावा वाढदिवस गुपचूप ठरवायचाय: नवा ग्रुप की ब्रॉडकास्ट?

आई, बाबा, मावशा, मामा, आत्या आणि चुलत-मावस भावंडं असलेला घरचा ग्रुप पुण्यात प्रत्येकाकडे आहे. आईला सरप्राइज द्यायचं ठरलं की बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर आईला वगळून त्याच माणसांचा दुसरा ग्रुप काढतात. दुसरी वाट ब्रॉडकास्ट लिस्टची. मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. वीसबावीस माणसं असतील तर माझा कल ब्रॉडकास्टकडे आहे, पण ग्रुपचे फायदेही खरे आहेत.

ग्रुपमध्ये ठरवाठरवी पटकन होते. मेनूवर पोल टाकता येतो, केक कोण आणणार हे सगळ्यांना दिसतं आणि दोघांनी एकच साडी आणण्याचा घोळ होत नाही. शिवाय आई त्यात नसल्यामुळे तिला तो ग्रुप कुठूनही दिसत नाही. तिने तुमचं प्रोफाइल उघडलं तरी समाईक ग्रुपमध्ये तो येत नाही. म्हणजे लपण्यापुरता ग्रुप पक्का आहे.

बिंग फुटतं ते चुकीच्या ग्रुपात मेसेज गेल्यामुळे, आणि माझा निर्णय याच एका त्रासाने झाला. कोलाजसाठी आईचे जुने फोटो मागितले की मामी गॅलरी उघडून फोटो निवडते आणि शेअर दाबते. समोर येणाऱ्या यादीत हल्लीच वापरलेले चॅट वर असतात, म्हणजे घरचा ग्रुप आणि गुपचूप ग्रुप एकाखाली एक. माणसं तीच, नावं मिळतीजुळती, बोट घसरतं. मग “सर्वांसाठी डिलीट” करता येतं, पण “हा मेसेज डिलीट केला” ही ओळ मागे राहते आणि आई विचारते, “काय गं, काय काढून टाकलंस?” फोटोखाली “साठीच्या कोलाजसाठी” लिहिलेलं तिने नोटिफिकेशनमध्येच वाचलं असेल, तर डिलीट करूनही उपयोग नाही.

यावर उपाय आहे. ग्रुपचं नाव “सोसायटी टँकर” असं नीरस ठेवा आणि डीपी घरच्या ग्रुपपेक्षा एकदम वेगळा लावा. त्याने चुका कमी होतात, पण बावीसही जणांनी रोज सावध राहावं लागतं, आणि तेच जमत नाही.

ब्रॉडकास्टमध्ये तुमचा मेसेज प्रत्येकाला तुमच्या खासगी चॅटमध्ये मिळतो आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. मामीने त्याच चॅटमधून फोटो पाठवला की तो दुसरीकडे जायची शक्यता फार कमी. अडचण एक आहे: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला मेसेज पोहोचतच नाही. म्हणून पहिला मेसेज टाकल्यावर तासाभराने तो दाबून धरा, त्याची माहिती उघडा आणि कोणाकोणाला पोहोचला ते बघा. जी आत्या किंवा काका त्या यादीत नाहीत, त्यांना फोन करून नंबर सेव्ह करायला सांगा. फोन बंद असला तरीही नाव दिसत नाही, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका.

दुसरी उणीव म्हणजे कोणाला काय माहीत आहे हे पाहुण्यांना कळत नाही. मंडईत भेटलेल्या दोन मावशा एकमेकींशी बोलायला कचरतात, किंवा नको तिथे बोलून जातात. म्हणून मेसेजातच स्पष्ट लिहा:

“आईचा साठावा, रविवारी संध्याकाळी ६ वाजता, डेक्कनचा हॉल. आईला माहीत नाही, बाबांना शनिवारी सांगणार. बाकी सगळ्या मावशी, मामा, आत्या, काकांना कळवलंय. उत्तर इथेच द्या, घरच्या ग्रुपवर नको.”

बाबांना उशिरा सांगण्याला कारण आहे. अनेक घरांत बाबांचा फोन आईच्याही हातात असतो. चॅट लॉक लावता येतं, पण फोनचा पासकोड आईला ठाऊक असेल तर वेगळा सीक्रेट कोड ठेवल्याशिवाय लॉकचा उपयोग नाही. त्यापेक्षा सकाळी ते फिरायला गेले असताना फोनवर सांगणं बरं.

तरीही मेनू, पैसे, सजावट हे ब्रॉडकास्टवर ठरवायला जाऊ नका. बावीस जणांची बावीस मतं वेगवेगळ्या चॅटमध्ये येतात आणि हिशोब कोलमडतो. त्यासाठी तुम्ही, बहीण, मामा आणि हॉल बघणारा भाऊ असा चौघांचा ग्रुप पुरतो. ठरलं की एकच पक्का मेसेज ब्रॉडकास्टवर सोडायचा. त्या संध्याकाळीही हाच ग्रुप कामाचा: कोथरूडहून निघालेली आईची गाडी नळ स्टॉपला पोहोचली की भाऊ इथे कळवतो आणि हॉलमधले दिवे बंद होतात.

आणखी एक: घरच्या ग्रुपवर त्या दिवशीच्या शुभेच्छा नेहमीसारख्या, नेहमीच्या वेळी जाऊ द्या. सगळेच गप्प राहिले की आईला लगेच कळतं.