त्रिज्या काढताना: पायथागोरस की जीवांच्या आंतरछेदनाचे प्रमेय?

जीवा 24 सेमी आणि तिचे केंद्रापासूनचे अंतर 5 सेमी असल्यास त्रिज्या कोणत्या रीतीने काढावी, असा पेच नववी-दहावीत पडतो.

केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब तिला दुभागत असल्याने पायथागोरसच्या प्रमेयाने r² = 12² + 5² = 169, म्हणजे r = 13 सेमी, असे एका ओळीत उत्तर मिळते. मात्र जीवा निम्मी करायची राहिली, तर ते सुमारे 24.5 येते; त्रिज्या 12 + 5 = 17 पेक्षा मोठी असूच शकत नसल्याने ही चूक लगेच ओळखता येते.

आंतरछेदनाच्या प्रमेयात लंबावरील व्यासाचे भाग r − 5 आणि r + 5 असतात; त्यांचा गुणाकार 12 × 12 घेतल्यास पुन्हा r² − 25 = 144 हेच समीकरण मिळते, म्हणजे येथे हा वळसाच ठरतो.

केंद्रापासूनचे अंतर दिले असेल तर पायथागोरसच बरा; परंतु फुटक्या बांगडीसारखा केवळ कंस हाती असून त्याची उंची 8 सेमी मोजता येत असेल, तर दुसरी रीत सोयीची, कारण व्यासाचा उरलेला भाग 144 ÷ 8 = 18 आणि व्यास थेट 18 + 8 = 26 सेमी मिळतो.