फोटोतली खिडकी बदलताना: गिंप आठ महिने वापरल्यानंतर

जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं मी घेते. नवी खिडकी बसल्यावर घर कसं दिसेल, हे मालकाला आधी फोटोत दाखवता यावं म्हणून आठ महिन्यांपूर्वी गिंप हे फोटो बदलायचं सॉफ्टवेअर शिकले. आता त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे, पण तो बसायला वेळ लागला.

मूळ कृती सोपी आहे. नव्या खिडकीचा फोटो अगदी समोरून घ्यायचा, चौकटीच्या बाहेरच्या काठाला धरून कापायचा आणि खऱ्या मापाच्या प्रमाणात आणायचा. साडेतीन बाय साडेचार फुटांच्या खिडकीसाठी मी 1400 बाय 1800 पिक्सेल ठेवते. मग `Perspective` घेऊन चारही कोपरे जुन्या खिडकीच्या कोपऱ्यांवर ओढायचे. गज बारीक असतील तर `Interpolation` मध्ये `LoHalo` निवडते, म्हणजे लहान होताना ते दातेरी होत नाहीत.

सुरुवातीला मी कोपरे गिलाव्याच्या कडेला लावायचे. खिडकी भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसायची आणि मापानेही मोठी व्हायची. जांभ्याची भिंत दीड फूट जाडीची, चौकट असते आत. कोपरे तिथेच हवेत. कॅमेरा डावीकडे असेल तर उजवीकडची जाडी दिसते, पण चौकटीची डावी पट्टी भिंतीआड जाते. तो लपलेला कोपरा वरची आणि खालची रेघ पुढे वाढवून अंदाजायचा, खिडकी तिथपर्यंत ओढायची आणि भिंतीआडचा भाग लेयर मास्कने झाकायचा. ही एक गोष्ट कळली आणि माझे फोटो खरे वाटायला लागले.

दोन झडपा जिथे मिळतात ती रेघ मात्र डोळ्याने ठरवू नका. चौकटीचे कर्ण काढा, ते छेदतात तिथून ती उभी रेघ गेली पाहिजे. नसेल, तर एखादा कोपरा चुकलाय.

सगळ्यात जास्त शिकवलं ते खिडकीच्या एका वाकड्या गाळ्याने. वर रुंदी 40 इंच, खाली साडेएक्केचाळीस. उजवी कड ओळंब्यात नव्हती. चार कोपरे जुळवले की गिंप चौकटही तशीच वाकडी ताणतं, सुतार मात्र ती काटकोनातच करणार. फोटोत खालची कड 830 पिक्सेल होती, म्हणून त्यातले दीड इंचाचे साधारण 30 पिक्सेल मी उजवीकडे सोडले; ती बाजू कॅमेऱ्यापासून लांब असल्याने प्रत्यक्षात किंचित कमी. उरलेली पाचर `Clone` ने गिलाव्याची केली. तिथे नवा गिलावा येणार, हे मालकांना फोटोतच दिसलं आणि गवंड्याचा खर्च त्यांनी आधीच धरला.

पागोळीची सावली वेगळ्या लेयरवर `Multiply` ने द्यावी लागते. काचेतलं प्रतिबिंब मात्र मला अजून मनासारखं जमलेलं नाही. मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत भिंतीच्या कडाच वाकतात, त्यामुळे आता मी दहा पावलं मागे जाऊन साध्या लेन्सने फोटो काढते.