धूसर ऑफिस बॅकग्राउंड: काही महिन्यांच्या वापरानंतर

नारायण पेठेतल्या आमच्या स्टुडिओत मागे राखाडी भिंत आहे आणि गिऱ्हाइकाला फोटो हवा असतो हिंजवडीच्या ऑफिसात काढल्यासारखा. त्यासाठी माणसाचा फोटो भिंतीपासून कापून ऑफिसच्या धूसर फोटोवर बसवतो. आधी मी ऑफिसचा स्पष्ट फोटो घेऊन त्यावर सॉफ्टवेअरमधला गॉशियन ब्लर मारायचो. आता बॅकग्राउंड कॅमेऱ्यातच धूसर करून घेतो आणि काही महिने तेच वापरतोय.

एका मित्राचं बाणेरमधलं ऑफिस रविवारी रिकामं मिळालं. फुल फ्रेम कॅमेरा, ५० एमएम लेन्स, अॅपर्चर f/1.8. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ट्रायपॉड लावला, दीड मीटरवर खुर्ची ठेवली, तिच्यावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाकली आणि खुर्ची बाजूला केली. सहा मीटरवरचे दिवे ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत साधारण १२० पिक्सेलच्या गोल चकत्या झाले. स्टुडिओतही माणूस तेवढ्याच अंतरावर, त्याच लेन्सने टिपतो, म्हणून दोन्ही फोटो जुळतात.

फरक दिसतो तो दिव्यांत आणि खिडकीत. खऱ्या लेन्सची चकती कडेपर्यंत उजळ राहते. गॉशियनमध्ये तोच दिवा मळकट डाग होऊन विरतो, कारण जेपेगमध्ये तो आधीच पांढऱ्यावर कापला गेलेला असतो आणि त्याचा खरा उजेड ब्लरला मिळतच नाही. शिवाय लोक माणसासकट फोटो ब्लर करतात, तेव्हा शर्टाचा रंग खांद्याभोवती पसरतो. असा फोटो लांबूनही ओळखू येतो. रिकाम्या ऑफिसच्या फोटोत ही भानगडच नाही.

उजेडाची बाजू मात्र सांभाळावी लागते. माझ्या फोटोत खिडकी डावीकडे आहे, म्हणून मुख्य लाइटही डावीकडेच. एकाच कॉलेजच्या दोन मुलांना तेच बॅकग्राउंड नको म्हणून ते आडवं उलटवतो, पण हे शूटिंगआधी ठरवावं लागतं, कारण मग लाइटही उजवीकडे न्यावा लागतो. बॅकग्राउंड चेहऱ्यापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाइतकं, गडद ठेवतो आणि शेवटी त्यावर थोडा नॉइज घालतो. नाहीतर भिंतीवर पट्टे उमटतात आणि माणूस चिकटवल्यासारखा वाटतो.

अडतं ते चष्म्याशी. जाड नंबराच्या काचेच्या कडेतून मागची राखाडी भिंत दिसते, तिथे फक्त चष्म्याच्या फ्रेमबाहेरचं कटिंग करून भागत नाही. काचेतला तो तुकडाही हाताने बदलावा लागतो आणि नंबरामुळे तो सरकलेला दिसायला हवा. कुरळ्या मोकळ्या केसांनाही वेळ लागतो. पांढऱ्यापेक्षा राखाडी भिंतीसमोर काढलं की बटांभोवती पांढरी किनार राहत नाही, एवढाच काय तो दिलासा.

घाईचं गिऱ्हाईक आणि जाड चष्मा असेल, तर मी सरळ राखाडी भिंतच ठेवा म्हणतो.