घरमालकाला दुरुस्तीचे पत्र: ‘मागणी’, ‘विनंती’, ‘अपेक्षा’ की ‘करून घ्यावी’?

बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे. फोनवर एकदा सांगून झाले, ‘बघतो’ असे उत्तर मिळाले आणि पुढे काहीच हालले नाही. आता लेखी पत्र द्यायचे आहे, आणि पेन अडते ते नेमके एका क्रियापदावर. मागणी करावी, तर भांडण काढल्यासारखे वाटते. विनंती करावी, तर उपकार मागितल्यासारखे वाटते.

एकच वाक्य पाच तऱ्हांनी लिहून शेजारीशेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो.

१. गळतीची दुरुस्ती ताबडतोब करावी अशी माझी मागणी आहे.
२. गळतीची दुरुस्ती करून मिळावी ही नम्र विनंती.
३. गळतीची दुरुस्ती लवकरात लवकर व्हावी.
४. गळतीची दुरुस्ती २० तारखेपर्यंत होईल अशी अपेक्षा आहे.
५. गळतीची दुरुस्ती कृपया २० तारखेपर्यंत करून घ्यावी.

पहिल्या वाक्यातल्या ‘मागणी’ला मोर्चाचा आवाज आहे. मागण्या मान्य होतात किंवा फेटाळल्या जातात, म्हणजे हा शब्द आला की समोरचा आपोआप दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो. गळकी नळी बाजूला राहते आणि ‘हे मला कोण सांगणार’ हा प्रश्न पुढे येतो. ‘आग्रह’ची अडचण वेगळी आहे. मराठीत आग्रह जेवायला बसलेल्याला होतो, आणि ‘आग्रह धरला’ म्हटले की तो हट्टाच्या जवळ जातो. दोन्हीकडे भर माणसाच्या इच्छेवर पडतो. दुरुस्ती मात्र आपल्या इच्छेसाठी करायची नसते, भिंतीत पाणी मुरते आहे म्हणून करायची असते. पत्राचा सगळा भार त्या पाण्यावर टाकायला हवा.

दुसरे वाक्य अर्जाचे आहे. ‘रजा मिळावी’, ‘दाखला मिळावा’ या साच्यात ‘मिळावी’ हे मागणाऱ्याच्या बाजूने येते आणि देणे न देणे समोरच्याच्या मर्जीवर राहते. भाडेकरूने दर महिन्याला भाडे भरलेले असताना हा सूर चुकीचा आहे. विनंती या शब्दात मुळात काही वावगे नाही. ‘मिळावी’, ‘नम्र’ आणि ‘ही विनंती’ हे तिन्ही एकाच वाक्यात आले की पत्र वाकते. ‘कळकळीची विनंती’ तर पहिल्या पत्रात अजिबात नको. ती हतबलता सांगते, आणि हतबल माणसाला थांबवून ठेवणे सोपे असते.

सगळ्यात फसवे तिसरे. ऐकायला सभ्य, पण दुरुस्ती कोणी करायची हेच त्यात नाही. ‘व्हावी’ला काम करणारा सांगावा लागत नाही, त्यामुळे वाचणाऱ्यालाही ते काम आपले वाटत नाही. ‘लवकरात लवकर’चीही तीच गत: महिन्याने माणूस पाठवला तरी ‘जमेल तितके लवकरच पाठवले’ असे म्हणता येते.

चौथे आणि पाचवे ही दोन खरी कामाची आहेत आणि निवड यांच्यातच करायची. ‘अपेक्षा आहे’ म्हणजे हे काम तुमचे आहे हे मी गृहीत धरले आहे. शब्द मऊ असला तरी गृहीतक पक्के आहे. पहिल्याच पत्रात तो किंचित थंड लागतो. एकदा लेखी कळवूनही काम झाले नसेल तेव्हा मात्र नेमका बसतो. ‘अपेक्षित आहे’ त्याहून कोरडे, ते कार्यालयीन पत्रांपुरते ठेवावे.

‘करून घ्यावी’ पहिल्या पत्रासाठी सर्वांत चांगले. ‘-आवी’ हे रूप मराठीत आज्ञा आणि विनंती यांच्या बरोबर मध्ये बसते. सूचनाफलकापासून वडीलधाऱ्यांना लिहिलेल्या पत्रापर्यंत सगळीकडे चालते आणि कुणालाही टोचत नाही. ‘करून द्यावी’ही बरोबर आहे, पण ‘द्यावी’त भाडेकरूवर मेहेरबानी केल्याची एक छटा राहते. ‘करून घ्यावी’त घर मालकाचे, माणूस बोलावणे मालकाचे, हे न बोलता येते.

आता ‘आपण’बद्दल. आदरासाठी बहुतेक जण ‘तुम्ही’ऐवजी ‘आपण’ लिहितात. मराठीत ‘आपण’चा अर्थ ‘तुम्ही’ही होतो आणि ‘तुम्ही-मी मिळून’ही होतो. ‘आपण हा खर्च करावा’ किंवा ‘आपण प्लंबर बोलवावा’ असे लिहिले तर पुढे ‘दोघांनी मिळून असे ठरले होते’ म्हणायला जागा उरते. खर्च आणि जबाबदारी ज्या वाक्यात आहे तिथे ‘तुम्ही’, ‘तुमच्याकडून’ असे स्पष्ट लिहावे. ‘तुम्ही’ मराठीत आदराचेच आहे.

मात्र क्रियापद कितीही नेमके निवडले तरी ‘भिंतीला खूप ओल आहे’ एवढेच लिहिले तर पत्राला वजन येत नाही. ‘खूप’ हा मताचा शब्द आहे, त्यावर वाद घालता येतो. त्याऐवजी ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारावी, रेघेशेजारी तारीख लिहावी, मोजायची टेप लावून फोटो काढावा. आठवड्याने ओल रेघेबाहेर गेली की दुसरी रेघ. दोन रेघा आणि दोन तारखा असलेल्या एका फोटोपुढे ‘ताबडतोब’ हा शब्द लागतच नाही.

पाणी कुठून येते याचाही अंदाज पत्रात असावा. रात्री सगळे नळ आणि फ्लशचा कॉक बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सकाळी पाणी वापरण्याआधी पुन्हा बघायचा. आकडा पुढे सरकला असेल तर दाबाखालच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या पाइपात गळती आहे. आकडा तिथेच असेल आणि ओल आंघोळीनंतर वाढत असेल, तर संशय सांडपाण्याच्या पाइपावर किंवा फरशीच्या सांध्यांवर जातो. मीटर टाकीच्या आधी बसवलेले असेल तर टाकी भरतानाही ते फिरते, त्यामुळे तिथे ही कसोटी चालत नाही. अशा वेळी ओल कधी वाढते आणि कधी थांबते तेवढेच लिहावे, निदान करू नये. चुकीचे निदान पत्रात गेले की त्यावरच चर्चा अडकते.

‘दुरुस्ती’ हा शब्दही एकटा सोडू नये. नुसते ‘भिंतीची दुरुस्ती’ लिहिले की बऱ्याचदा रंगारी येतो, पोपडे खरवडतो आणि वरून रंग मारतो. आत पाणी चालू असल्याने काही आठवड्यांत रंग पुन्हा फुगतो, आणि आता मालकाच्या हिशेबी दुरुस्ती झालेली असते. म्हणून कामाचा क्रम लिहायचा: आधी गळती बंद, मग भिंत वाळू द्यायची, मग गिलावा आणि रंग.

हे सगळे धरून पहिले पत्र असे होते:

‘तारीख १०. विषय: बेडरूमच्या भिंतीतील पाण्याची गळती.

स.न.वि.वि. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला २ तारखेला ओल दिसली. तेव्हा ती सुमारे ४० × २५ सेंमी होती, ९ तारखेला ७० × ४५ सेंमी झाली आहे. ३ तारखेला हे तुम्हाला फोनवर कळवले होते. ८ तारखेच्या रात्री सर्व नळ व फ्लशचा कॉक बंद असतानाही सकाळपर्यंत मीटर ४० लिटरने पुढे गेले. फोटो सोबत जोडले आहेत.

कृपया गळती शोधून ती २० तारखेच्या संध्याकाळपर्यंत बंद करून घ्यावी. भिंत वाळल्यानंतर गिलावा व रंगाचे काम करून घ्यावे. प्लंबर कोणत्या दिवशी येईल ते १३ तारखेपर्यंत कळवावे. रोज सकाळी ८ ते १० व शनिवारी पूर्ण दिवस घर उघडे मिळेल. प्लंबर अमुकच असावा असा आग्रह नाही. मात्र गळती बंद होण्यापूर्वी रंगकाम करू नये.’

यात ‘आग्रह’ आला आहे, पण नकारासह. कुठे आग्रह नाही ते सांगितले की पुढचे ‘मात्र’ आपोआप ठाम होते. घट्ट बोलण्याची ही मराठीतली फार उपयोगी रीत आहे. तारखा मुद्दाम दोन दिल्या आहेत. कळवण्याची पहिली तारीख पाळायला सोपी असते आणि ती चुकली तर २० तारखेपर्यंत वाट न बघता आठवण करता येते. ‘२० तारखेपर्यंत’मध्ये वीस तारीख धरायची की नाही यावर वाद नको, म्हणून ‘संध्याकाळपर्यंत’.

वीस तारीख उलटून गेली, तर दुसऱ्या पत्रात आवाज चढवू नये, क्रियापद बदलावे. ‘१० तारखेच्या पत्रात कळवलेले काम अद्याप झालेले नाही. ओल आता विजेच्या बटणापासून २० सेंमीवर आली आहे, त्यामुळे गळती तातडीने बंद करणे आवश्यक आहे. २५ तारखेपर्यंत ती बंद होईल अशी अपेक्षा आहे.’ ‘आवश्यक आहे’त सक्ती आहे, पण ती भाडेकरूची नाही, बटणाकडे सरकणाऱ्या पाण्याची आहे. ‘करावीच लागेल’ लिहिले असते तर तीच सक्ती माणसाची झाली असती. पाणी बटणाच्या पेटीपर्यंत पोचले, तर मात्र पत्राची वाट न बघता त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य बोर्डावरून बंद करावा आणि फोन करावा.

‘अन्यथा’ हा शब्द टाळावा, कारण त्यामागे काय येणार हे न सांगताच तो धमकी होतो. त्याच्या जागी पुढची पायरी सरळ लिहावी: ‘तोवर काम न झाल्यास मला प्लंबर बोलावून गळती बंद करून घ्यावी लागेल. तो खर्च तुमच्याकडून कसा मिळेल ते त्याआधी लेखी कळवावे.’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी भाडेकरार काढून दुरुस्तीचे कलम वाचावे. करारात तशी सोय नसेल आणि मालकाची लेखी संमती नसेल, तर रक्कम परस्पर भाड्यातून कापू नये. तशी कापली तर मालकाची चूक मागे पडून ‘भाडे थकवले’ हा मुद्दा पुढे येतो.

‘मागणी’चा काळ त्यानंतरचा. दोन्ही पत्रे अनुत्तरित राहिली, खर्चाची पावती हातात आहे आणि रक्कम परत हवी आहे, अशा वेळी ‘या रकमेची मागणी करण्यासाठी हे पत्र’ हे वाक्य बरोबर आहे. पैशाच्या बाबतीत ‘मागणी’ हा व्यवहाराचा शब्द आहे, तिथे तो उर्मट वाटत नाही. त्या पत्राला आधीच्या दोन्ही पत्रांच्या प्रती आणि पेन्सिलीच्या रेघांचे फोटो तारखेच्या क्रमाने जोडावेत.