मिनिमम ड्यू, ठरावीक रक्कम की ईएमआय: ६० हजारांच्या बिलावर खरं व्याज किती?

क्रेडिट कार्डाचं बिल ६०,००० आलं, मिनिमम ड्यू ३,००० भरला. उरले ५७,०००. दर महिना ३.५ टक्के, म्हणजे पुढच्या बिलात १,९९५ रुपये व्याज येईल, असा हिशोब बहुतेक जण मनात करतात. प्रत्यक्षात बिलात ३,०७२ रुपये लागलेले दिसतात. बँकेची चूक नसते. व्याज मोजायला सुरुवात कुठून होते, ते आपण धरलेलं नसतं.

तारखा घेऊन पाहू. खरेदी ५ जूनला, स्टेटमेंट २० जूनला, भरण्याची शेवटची तारीख १० जुलै. पूर्ण ६०,००० त्या तारखेपर्यंत भरले तर व्याज शून्य. पण एक रुपया जरी मागे राहिला तरी बहुतेक कार्डांवर व्याजमुक्त मुदत गेली, आणि व्याज १० जुलैपासून नाही तर थेट ५ जूनपासून लागतं. म्हणून २० जुलैच्या स्टेटमेंटमध्ये पूर्ण ६०,००० वर ३५ दिवसांचं (५ जून ते १० जुलै) आणि उरलेल्या ५७,००० वर १० दिवसांचं व्याज येतं. मासिक ३.५ म्हणजे वार्षिक ४२ टक्के. एक्सेलमध्ये असं मांडा:

```
=ROUND((60000*35+57000*10)*0.42/365,0)
```

उत्तर ३,०७२. रक्कम बदलली की नवा तुकडा पाडायचा, रक्कम गुणिले दिवस करायचं आणि सगळ्यांची बेरीज दराने गुणायची. स्वतःच्या कार्डासाठी हे करताना प्रत्येक खरेदीची तारीख वेगळी धरा. ६०,००० चं बिल एकाच खरेदीचं क्वचितच असतं.

आता पुढचे सहा महिने. नवीन खरेदी काहीच नाही असं धरू, आणि मिनिमम ड्यू म्हणजे मुद्दलाच्या ५ टक्के अधिक त्या बिलातलं सगळं व्याज. दर महिन्याच्या १० तारखेला तेवढंच भरलं तर दुसरा हप्ता ५,९२२ चा होतो आणि मग तो हळूहळू उतरत सहाव्या महिन्यात ४,०३६ वर येतो. हप्ता उतरतोय म्हणून कर्ज भराभर फिटतंय असं वाटतं, पण सहा वेळा मिळून भरलेल्या २६,३२९ रुपयांतले १०,४३५ व्याजातच गेलेले असतात. मुद्दल अजून ४४,१०५ शिल्लक असतं, आणि २० डिसेंबरच्या स्टेटमेंटचं व्याज वर.

याच ६०,००० साठी दुसरे दोन रस्ते शेजारी ठेवून पाहू. ठरावीक रकमेच्या रस्त्यात पहिल्या महिन्यापासून १२,००० भरायचे. ईएमआयच्या रस्त्यात १० जुलैच्या आत बिल सहा हप्त्यांत बदलून घ्यायचं. त्यासाठी वार्षिक १८ टक्के व्याज आणि १.५ टक्के प्रोसेसिंग फी धरली आहे. तुमच्या कार्डाचे आकडे वेगळे असतील तर तेच घाला.

| | फक्त मिनिमम | दरमहा १२,००० | ६ महिन्यांचा ईएमआय |
|---|---|---|---|
| दरमहा भार | ३,००० ते ५,९२२ | १२,००० (शेवटी ७,२१९) | १०,५३२ |
| व्याज व फी | १२,०११ | ७,३७४ | ४,०८९ |
| शेवटी बाकी | ४५,६८१ | १५४ | ० |

दरमहा १२,००० भरणाऱ्यालाही पहिल्या व्याजाच्या बिलात २,९६९ रुपये लागतात, म्हणजे मिनिमम भरणाऱ्यापेक्षा जेमतेम १०३ कमी. नऊ हजार जास्त भरूनही एवढाच फरक, कारण मागचे ३५ दिवस दोघांनाही पूर्ण ६०,००० वर मोजले गेले. जास्त भरल्याचा फायदा दुसऱ्या बिलापासून दिसतो. पहिलं बिल पाहून ‘काय उपयोग’ म्हणत पुन्हा मिनिममवर येणं महागात पडतं.

शेवटच्या रांगेतले १५४ रुपयेही समजून घ्या. १० डिसेंबरला स्टेटमेंटमधली सगळी रक्कम भरली तरी २० नोव्हेंबर ते १० डिसेंबर या २० दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येतं. खातं शून्य झालं समजून ते बिल न उघडणाऱ्याला मग लेट फी लागते. शून्याचं स्टेटमेंट हातात येईपर्यंत बिल पाहत राहायचं.

ईएमआय स्वस्त पडण्याचं कारण नुसता कमी दर नाही. मुदतीच्या आत बदलून घेतलं की साधारणपणे ते मागच्या तारखेपासूनचं व्याज लागतच नाही. याचा परिणाम एवढा आहे की बिल दोनच वेळात फेडू शकणाऱ्यालाही तो सोयीचा ठरू शकतो. जुलैत ३०,००० आणि ऑगस्टमध्ये उरलेलं भरलं तर एकूण व्याज साधारण ३,४८७ होतं. तेच तीन महिन्यांच्या ईएमआयवर फी धरून २,७०९. मात्र १० जुलै उलटल्यावर बदलून घेतलं तर लागलेलं व्याज सहसा तसंच राहतं आणि फी वर चढते. मुदतीआधी फेडण्याचा बेत असेल तर त्याचा दंड किती, हेही आधी विचारून घ्या.

मिनिममचा रस्ता घ्यावाच लागला, तर दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमच्या कार्डाचा मिनिमम कसा मोजतात. काही ठिकाणी तो एकूण बाकीच्या ५ टक्के एवढाच असतो, व्याज त्यात पूर्ण धरलेलं नसतं. तसं असेल तर वरच्याच उदाहरणात ३,००० भरल्यावर पुढच्या स्टेटमेंटची बाकी ६०,०७२ येते, म्हणजे भरण्याआधीपेक्षा जास्त. न भरलेल्या व्याजावर पुन्हा व्याज लागतं का, तेही अटींमध्ये पाहा. वरच्या आकड्यांत ते धरलेलं नाही.

दुसरी, त्या कार्डावर नवीन खरेदी थांबवा. जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला व्याजमुक्त मुदत मिळत नाही. १०,००० ची वस्तू घेतली की त्याच दिवसापासून व्याज सुरू, तीस दिवसांचे ३४५ रुपये. रोजच्या खर्चाला डेबिट कार्ड किंवा बाकी नसलेलं दुसरं कार्ड वापरा.

व्याजावर कर लागत असेल तर तोही जोडायचा. भारतात व्याजावर आणि प्रोसेसिंग फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४२ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात ४९.५६ पडतो. टेबलातल्या मधल्या रांगेचे आकडे १.१८ ने गुणले की मिनिममचे १२,०११ साधारण १४,१७३ होतात आणि ईएमआयचे ४,०८९ साधारण ४,८२५.