खरेदीखतातील द्विरुक्ती आणि खरी चूक

खरेदीखताच्या मसुद्यात ‘राजीखुशीने व स्वसंतोषाने’ किंवा ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’ असे शब्द दिसले की नव्या मुद्रितशोधकाचा हात शिवशिवतो. पण ही दस्तलेखनाची रूढ शब्दयोजना आहे. त्यातला एखादा शब्द गाळल्यास तेवढा हक्क जाणूनबुजून वगळला, असा वाद पुढे उपस्थित होऊ शकतो. किंमत अंकांत लिहून पुन्हा ‘अक्षरी’ देणे हीसुद्धा पुनरुक्ती नव्हे, पडताळणी आहे.

खरी चूक निराळी ओळखू येते: ती त्याच दस्तातील दुसऱ्या मजकुराशी भांडते. समजा, आरंभी क्षेत्र 0 हेक्टर 40 आर आहे आणि मिळकतीच्या वर्णनात 400 चौरस मीटर. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणून तिथे 4,000 हवे. एक शून्य गळाले आहे, हे माझ्या मते जवळपास निश्चित असले, तरी ते परस्पर भरू नये. समासात प्रश्न लिहून सातबाऱ्याशी ताडून घेण्यास मसुदाकाराला सांगावे, कारण नोंदणीनंतर त्यासाठी चूकदुरुस्तीपत्रच करावे लागते. ‘लिहून देणार’च्या जागी ‘लिहून घेणार’ पडले असेल, तर तेही याच वर्गात मोडते.