रिसेल फ्लॅट घेताय? शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू आधी बघा (संभाजीनगरचा आमचा अनुभव)

नमस्कार, हे मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण परभणी, जालना, बीड इकडनं संभाजीनगरला पोरांच्या शिक्षणासाठी जुना फ्लॅट घेणारे आमच्यासारखे लई लोक आहेत आणि बरेच जण लोन न काढता रिटायरमेंटच्या पैशात घेतात. लोन असलं की बँकेचा वकील कागद तपासतो, कॅश व्यवहारात मधी कुणीच नसतं. आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतनं रिटायर झाले, त्यांचे फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे म्हणून ३१ लाखाचा टू बीएचके घेतला. बिल्डिंगची सोसायटी रजिस्टर्ड आहे, २४ फ्लॅट. नाव लिहीत नाही, पोलिसात केस चालू आहे.

विकणाऱ्यानं आम्हाला दोन कागद दिले ज्याच्या भरवशावर सगळं झालं. एक शेअर सर्टिफिकेट आणि दुसरं सोसायटीचं ना हरकत पत्र, म्हणजे एनओसी. खरेदीखताची ओरिजिनल मागितली तर तो म्हणला, "दादा, शिफ्टिंगमधे फाईलच गहाळ झाली बघा, पोलीस स्टेशनला नोंद केलीय, ही घ्या रजिस्ट्री ऑफिसची नक्कल. आणि शेअर सर्टिफिकेटचं टेन्शन घेऊ नका, सोसायटीकडून नवीन काढून घेतलंय." नक्कल खरी होती, पोलिसाकडची नोंद पण खरी होती. इंडेक्स टू काढला, सर्च रिपोर्ट काढला, तिथं फ्लॅटवर काहीच बोजा नाही. एजंट म्हणला एकदम क्लिअर आहे, आणि रजिस्ट्री झाली.

पुढं पझेशन घेऊन राहायला आलो आणि सभासद म्हणून नाव लावायचा अर्ज घेऊन सोसायटीत गेलो, तर ऑफिसात बसलेल्या माणसानं एनओसी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणला, "सर, हे पत्र आमच्याकडून गेलेलं नाही. इथं कमिटीच नाही, प्रशासक आहे." झालं असं होतं की जुन्या कमिटीची पाच वर्षाची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, मग उपनिबंधक ऑफिसनं प्रशासक नेमला. आणि आमच्या एनओसीवरची तारीख त्या नेमणुकीच्या नंतरची! सही जुन्या सचिवाची, शिक्का गोल आणि खराच, लेटरपॅड पण खरं, कारण शिक्का आणि उरलेले लेटरपॅड त्यानं प्रशासकाच्या ताब्यात दिलेच नव्हते. ज्याला अधिकारच उरला नाही त्याच्या सहीच्या पत्राला काय किंमत. आता तो म्हणतो मी कोऱ्या लेटरपॅडवर आधीच सह्या करून ठेवलेल्या. ते पोलीस बघतील.

त्या पत्रात एक गोष्ट अशी होती जी कुणालाही घरी बसून दिसते. जावक क्रमांक नव्हता. सोसायटीतनं बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक नंबर पडतो आणि तो जावक रजिस्टरला लिहिलेला असतो, आमच्या पत्रावर "जा.क्र." छापलेलं आणि पुढं नुसती रेघ. आणि मजकूर असा की "सदर सभासदाकडे कोणतीही थकबाकी नाही". किती तारखेपर्यंत नाही, मेंटेनन्स किती, सिंकिंग फंड किती, शेवटची पावती कुठली, काहीच नाही. खात्याचा उतारा काढला तेव्हा कळलं की त्या फ्लॅटवर व्याजासकट १ लाख ८६ हजार थकलेत, सोसायटी थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यापर्यंत व्याज लावू शकते, त्यामुळं हा आकडा गप बसत नाही.

आता सर्टिफिकेटचं सांगतो, कारण खरी गोम तिथंच होती. शेअर सर्टिफिकेट म्हणजे सोसायटीच्या भागांचा दाखला, साधारण ५० रुपयाचा एक असे दहा भाग असतात म्हणजे ५०० रुपये. त्याच्यावर सर्टिफिकेटचा नंबर, भाग कितीपासून कितीपर्यंत ते आकडे, अध्यक्ष, सचिव आणि कमिटीच्या एका सभासदाची सही आणि सोसायटीचा शिक्का असतो. मागच्या बाजूला एक तक्ता असतो, त्यात फ्लॅट विकला की नवीन माणसाचं नाव, कमिटीच्या कुठल्या तारखेच्या मीटिंगमधे ट्रान्सफर मंजूर झाला ती तारीख, रजिस्टरचा नंबर आणि परत सह्या. म्हणजे सहसा पुढच्या बाजूला पहिल्या मालकाचं नाव तसंच राहतं आणि पुढचे मालक मागं एकाखाली एक येत जातात. आम्हाला विकणारा हा दुसरा मालक, त्यानं पण रिसेलमधेच घेतलेला होता, हे त्याच्याच खरेदीखतात लिहिलेलं. मग सर्टिफिकेटच्या पुढं पहिल्या मालकाचं नाव आणि मागं ह्याचं असायला पाहिजे. आमच्याकडं आलेल्या सर्टिफिकेटवर पुढंच ह्याचं नाव आणि मागचा तक्ता कोरा करकरीत!

दुसरं म्हणजे आकडे. चोवीस फ्लॅट, प्रत्येकी दहा भाग, म्हणजे ह्या बिल्डिंगमधे सभासदांचे भाग १ ते २४० मधेच. आमच्या कागदावर ३०१ ते ३१०. आणि खरं डुप्लिकेट सोसायटीनं दिलं असतं तर त्याच्यावर "डुप्लिकेट" असं लिहिलेलं असतं, त्याच्या आधी कमिटीचा ठराव लागतो, हरवल्याचा अर्ज आणि इंडेम्निटी बाँड घेतात. प्रशासकाच्या कपाटात ठराव नाही, अर्ज नाही, बाँड नाही. शेअर रजिस्टरला ह्या फ्लॅटसमोर जुनाच नंबर, १४. हे सगळं छापखान्यात छापलेलं निघालं.

मग ओरिजिनल गेलं कुठं? गहाळ झालंच नव्हतं. एका पतसंस्थेत ठेवलं होतं, खरेदीखताच्या ओरिजिनलसोबत, ११ लाखाच्या कर्जाला तारण म्हणून. कागद ठेवून कर्ज दिलं की २०१३ पासून त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, पण ह्या कर्जाची सूचना दिलीच गेली नव्हती, म्हणून आमच्या सर्चला काही आलं नाही. सोसायटीच्या रजिस्टरमधे मात्र पतसंस्थेच्या बोजाचं पत्र चिकटवलेलं होतं, आवक नंबरसकट. म्हणजे सरकारी सर्चमधे नसलेली गोष्ट सोसायटीच्या कपाटात पडलेली होती! म्हणून सांगतो, ओरिजिनल खरेदीखत आणि ओरिजिनल शेअर सर्टिफिकेट दोन्ही एकदमच हरवलंय असं कुणी म्हणलं तर समजून घ्या की ते बहुतेक कुणाच्या तरी लॉकरमधे आहे. हे दोन कागद कर्ज देणारेच सोबत ठेवून घेतात.

पतसंस्थेकडे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आहे आणि त्यांच्या वसुली अधिकाऱ्यानं आम्ही राहत असलेल्या फ्लॅटच्या दारावर जप्तीची नोटीस चिकटवली. आई दोन दिवस नीट जेवली नाही. तीस वर्ष खडू धरलेल्या माणसाचे पैसे आहेत हो हे, मला लिहिताना पण राग येतो.

अजून एक. रजिस्ट्रीच्या आधी विकणाऱ्यानं "सोसायटीचे ट्रान्सफर चार्जेस" म्हणून आमच्याकडून ४० हजार रोख घेतले, पावती नंतर देतो म्हणला. आता माहीत करून घ्या की ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार महानगरपालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार आहे, त्याच्यावर ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. नगरपालिका, ग्रामपंचायत हद्दीत त्याहून कमी. डोनेशनच्या नावावर पण जास्तीचं घेता येत नाही. सोसायटीचे पैसे सोसायटीच्या बँक खात्यात चेकनं जातात आणि छापील पावती मिळते. कुणी रोख मागितलं आणि आकडा २५ हजाराच्या वर गेला तर तो पैसा सोसायटीत जात नाहीये.

माझ्या ओळखीच्या एका सोसायटीच्या मॅनेजरनं नंतर जी पद्धत समजावून सांगितली ती मला सगळ्यात कामाची वाटली म्हणून लिहितो. आदर्श उपविधी म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम, त्याप्रमाणं शेअर ट्रान्सफरला एनओसी सक्तीची नाहीच. सक्तीची आहे ती नोटीस, विकणाऱ्यानं सोसायटीला ठरलेल्या नमुन्यात १५ दिवस आधी द्यायची की मी फ्लॅट अमक्याला विकतोय, सोबत घेणाऱ्याची संमती. ह्या नोटिशीची पोच मागा, आवक नंबर आणि तारखेसकट. बनावट एनओसी करणारा ही नोटीस देत नाही, कारण नोटीस गेली की सोसायटी जागी होते. इसार देतानाच इसारपावतीत लिहून घ्या की पोच मिळाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

आणि रजिस्टर बघा. तुम्ही अजून सभासद नाही म्हणून सोसायटी तुम्हाला दाखवायला बांधील नाही, पण विकणारा सभासद आहे, त्याला अधिकार आहे. त्याला म्हणा की चला भाऊ, सोबत जाऊ, शेअर रजिस्टर, आय रजिस्टर म्हणजे सभासदांची नोंदवही, आणि बोजाची नोंद बघू, तुमच्या खात्याचा उतारा पण तिथंच घेऊ. अर्ध्या तासाचं काम आहे. जो खरा आहे तो येतो. आमचा माणूस प्रत्येक वेळी "सेक्रेटरी गावाला गेलेत" म्हणायचा. सही कुणाची चालते हे पण कळतं, निबंधक ऑफिसात सोसायटीचा रजिस्ट्रेशन नंबर दिला की सध्या कमिटी आहे का प्रशासक ते सांगतात.

आमची सध्याची परिस्थिती: आर्थिक गुन्हे शाखेत फसवणूक आणि बनावट कागदाचा गुन्हा दाखल आहे, विकणारा आणि जुना सचिव दोघांवर. पतसंस्थेच्या जप्तीवर आमचा आक्षेप अर्ज पेंडिंग आहे. सोसायटीची थकबाकी अण्णांनी भरली, कारण त्याच्याशिवाय सभासदत्वाचा अर्ज पुढं सरकत नव्हता.

शेवटी एक खास आपल्याकडचं. संभाजीनगर, नांदेड, लातूरला बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी नाहीतच, अपार्टमेंट आहेत, म्हणजे बिल्डरनं घोषणापत्र नोंदवलेलं असतं आणि प्रत्येकाला अपार्टमेंट डीड. अशा ठिकाणी शेअर सर्टिफिकेट हा प्रकारच नसतो. तिथं कुणी शेअर सर्टिफिकेट दाखवलं तर आधी बिल्डिंगचं सोसायटी रजिस्ट्रेशन मागा, आणि ते नसेल तर पैसे देऊ नका.